भरल्या घरातील एकाकीपणा



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य, संगीत, राज्यकारभार अशा विषयांवर जाणकारांनी विचार मांडले. त्या मानाने माझा विषय अगदीच घरगुती आहे. गेली अनेक वर्षे मी बडोद्यात कौटुंबिक समुपदेशनाचे काम करीत आहे. या कामात मला जी तक्रार सर्वाधिक वेळा ऐकावयास मिळाली, ती भांडणाची नव्हे, पैशाची नव्हे आणि व्यसनाचीही नव्हे. ती अशी असते : "घरात माणसे आहेत, कोणी वाईट वागत नाही, पण मला घरात कोणी नाही." हे वाक्य उच्चारताना माणसे खाली पाहतात. उपाशी माणसाला भूक सांगण्याची लाज वाटत नाही. भरल्या ताटावर बसून भूक लागली आहे असे सांगणाऱ्याला मात्र वाटते.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करू. एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा हे तीन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. एकांत आपण मागून घेतो. एकटेपणा ही निव्वळ परिस्थिती आहे. आसपास दुसरे कोणी नसणे, एवढाच तिचा अर्थ. एकाकीपणा म्हणजे आपल्याला हवे असलेले नाते आणि प्रत्यक्षात लाभलेले नाते यांतील अंतर, आणि ते अंतर माणसांच्या संख्येने मोजता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या एकाकीपणाचे दोन प्रकार मानले. एक, ज्याच्यापाशी मन उघडे करावे असे जवळचे माणूस नसल्याने येणारा. आणि दुसरा, ज्यात आपण सामावलेलो आहोत असा गोतावळा नसल्याने येणारा. वाइस यांचे म्हणणे असे की, एका प्रकारावर दुसऱ्याचे औषध चालत नाही. मित्रमंडळ कितीही मोठे असले तरी जोडीदाराची उणीव भरून निघत नाही. आणि जोडीदार कितीही प्रेमळ असला तरी तो एकटा गोतावळा होऊ शकत नाही.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत तो रोज दिसतो. साताऱ्याकडून किंवा विदर्भातून एखादी मुलगी लग्न होऊन येथे येते. घर मराठीच असते. वरण-भात तोच, गणपती तोच. परंतु चार पिढ्या येथे काढलेल्या या घरातली माणसे शेजारणीशी गुजरातीत बोलतात, विनोद गुजरातीत करतात आणि जेवताना एखादा शब्द असा टाकतात की सगळे हसतात व नवी सून तेवढी हसत नाही. तिचा नवरा चांगला असतो. तो विचारतो, "तुला काही कमी आहे का?" तिला काहीच कमी नसते, म्हणून तिला उत्तर देता येत नाही. येथे नवऱ्याने रोज फुले आणून भागत नाही. ज्यावर सगळे हसले ते त्याच क्षणी, जेवण संपण्याची वाट न पाहता, कोणीतरी तिला सांगावे लागते. आणि शेजारच्या ओट्यावर तिला सोबत नेऊन बसवावे लागते. मी पाहिले आहे की हे काम सासू सर्वांत चांगले करते, कारण पुष्कळदा तीही अशीच बाहेरून आलेली असते. पण तिला त्याची आठवण करून द्यावी लागते.

आज मात्र मला मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी बोलावयाचे आहे. पंचवीस-तीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या पती-पत्नींमधला एकाकीपणा.

तो येतो कसा? सामान्य समजूत अशी की, काहीतरी मोठे घडते आणि मने तुटतात. काही घरांत तसे होतेही. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत असे काहीच घडले नव्हते. तेथे फक्त एका विशिष्ट जातीचे बोलणे बंद पडले होते. घरातले बोलणे ढोबळपणे दोन जातींचे असते. एक कामाचे : दूधवाल्याचे पैसे दिले का, गॅस नोंदवला का, रविवारी लग्नाला जायचे आहे. दुसरे बिनकामाचे : "बघा, आज बुलबुल पुन्हा आला", "या भाजीवाल्याचा आवाज अगदी आपल्या आबांसारखा आहे", "फार उकडतंय हो आज." पहिले बोलणे कधीच बंद पडत नाही, कारण त्यावाचून संसार चालत नाही. दुसरे बंद पडले तर काहीच अडत नाही. म्हणूनच ते बंद पडल्याचे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या बिनकामाच्या बोलण्याचा गंभीरपणे अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे जॉन गॉटमन. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एका छोट्या सदनिकेचीच प्रयोगशाळा केली. नवविवाहित जोडप्यांनी तेथे येऊन दिवसभर राहावे, स्वयंपाक करावा, वर्तमानपत्र वाचावे, आणि कॅमेऱ्यांनी ते टिपावे. गॉटमन यांचे लक्ष गेले ते एक माणूस दुसऱ्याचे लक्ष वेधून घेण्यासाठी जे क्षुल्लक काही करतो त्याकडे. एखादे वाक्य, एखादा उसासा, खिडकीकडे दाखवलेले बोट. आपण त्याला 'हाक' म्हणू. हाकेला तीनच तऱ्हांनी प्रतिसाद मिळतो : माणूस तिच्याकडे वळतो, तिच्याकडे लक्षच देत नाही, किंवा अंगावर येतो. सहा वर्षांनी त्याच जोडप्यांचा शोध घेतला, तेव्हा ज्यांचा संसार टिकला होता ते त्या सदनिकेत शंभरांपैकी 86 हाकांकडे वळले होते आणि ज्यांचा घटस्फोट झाला होता ते 33 हाकांकडे.

हे आकडे आपल्या घराला फूटपट्टीसारखे लावू नयेत. ती अमेरिकेतली नवी जोडपी होती, आणि ओ देण्यामुळे संसार टिकला की टिकाऊ संसारात ओ आपोआप दिली जाते, हे केवळ अशा निरीक्षणाने सिद्ध होत नाही. आपल्याकडे घटस्फोट न होताही संसार आतून रिकामा होऊ शकतो, हे तर आपण जाणतोच. मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हाक वाया गेली की ती घालणारा माणूस तीच हाक पुन्हा क्वचितच घालतो. तो भांडत नाही, तक्रार करीत नाही. फक्त ती वस्तू परत आपल्या खिशात ठेवतो.

आपल्या भाषेत तर ही हाक अगदी उघड असते. जुन्या घरांत नवरा-बायको एकमेकांना नावाने संबोधत नसत. "अहो, ऐकलंत का?" हेच संबोधन होते. त्या तीन शब्दांत बातमी काहीच नाही; तुम्ही तिथे आहात ना, एवढीच चौकशी आहे. "चहा ठेवू का?" हाही प्रश्न पुष्कळदा चहाविषयी नसतो. त्याला येणारा 'हं' देखील दहा प्रकारचा असतो, आणि तीस वर्षांच्या सहवासानंतर प्रत्येक 'हं'चा अर्थ ऐकणाऱ्याला अचूक कळतो. निदान तसे त्याला वाटते. हे वाटणे किती फसवे असू शकते, ते पुढे येईलच.

आता एक घर उलगडून दाखवतो. ते कोणा एका कुटुंबाचे नव्हे. अनेक घरांतले तपशील मी त्यात एकत्र केले आहेत, जेणेकरून कोणाचे गुपित उघडे पडू नये. गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. मुलगा परदेशी, त्याचा दर रविवारी फोन. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यातून ही मंडळी मांजलपुरात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहावयास आली. वाड्यात माजघराबाहेर पितळी कड्यांचा झोपाळा होता. गुजराती शेजारी ज्याला हिंचको म्हणतात तो. नव्या घरात त्याला जागा नव्हती, तेव्हा तो विकला. हा तपशील मी उगाच सांगत नाही.

बाईंची तक्रार अशी : "मी बोलते आणि भिंत ऐकते." गृहस्थांची तक्रार, त्यांना स्वतंत्रपणे विचारले तेव्हा, अशी : "ती हल्ली काही बोलतच नाही." दोघेही खरे सांगत होते. मी दोघांना एकेक वही दिली. सात दिवस आपापल्या वहीत फक्त एवढेच टिपावयाचे : आपण कामाव्यतिरिक्त काय बोलू पाहिले, त्या वेळी कोण कुठे होते, आणि पुढे काय झाले. दुसऱ्याच्या चुका लिहावयाच्या नाहीत, अर्थ लावावयाचा नाही. वही एकमेकांना दाखवावयाची नाही. ही शेवटची अट पाळली गेली नाही तर आठवड्याअखेर आरोपपत्र तयार होते. तेव्हा घरी कोणी हा प्रयोग करणार असेल तर त्याने हे ध्यानात ठेवावे.

बाईंच्या वहीत 'कोण कुठे' या रकान्यात पुनःपुन्हा एकच नोंद होती : मी ओट्यापाशी, हे बैठकीत. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा चालू, कुकरची शिट्टी, बैठकीत दूरदर्शन संच चालू. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून बोलत आणि ओ येत नसे. गृहस्थांच्या वहीत या हाकांचा पत्ताच नव्हता. त्यांनी त्या ऐकल्याच नव्हत्या. त्यांच्या नोंदी निराळ्या होत्या : सकाळी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली, ती 'हं' म्हणून आत गेली, जुन्या सहकाऱ्याविषयी सांगू लागलो, तिने मध्येच कपडे घडी करावयास घेतले. आपले बोलणे तिला रटाळ वाटते, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. बाईंनी काढलेला निष्कर्ष असा की, यांना माझी पर्वा राहिलेली नाही.

मी गृहस्थांना प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धाडले. कानातला मळ काढून झाला, ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणशक्तीची तपासणी झाली, आणि दोन्ही कानांत उच्च स्वरांची श्रवणशक्ती बरीच उणावल्याचे निघाले. येथे मी थोडा थांबतो, कारण वृद्ध दांपत्यांच्या अबोल्यामागे हे कारण मला वारंवार आढळले आहे आणि त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो.

वयोमानाने येणारा बहिरेपणा सर्व आवाज सारखे कमी करीत नाही. उंच पट्टीचे आवाज तो आधी हिरावतो. भाषेतले स्वर, आ, ओ, उ, खालच्या पट्टीत असतात. ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजने उंच पट्टीत आणि क्षीण असतात, ती विरतात. म्हणून 'सात' आणि 'आठ' यांत घोटाळा होतो. माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं, पण तू पुटपुटतेस." त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. पुरुषाचा जाड आवाज त्याला समजतो, फोनवर मित्राशी तो नीट बोलतो. बायकोचा आणि नातवंडांचा आवाज तेवढा निसटतो. मग घरात म्हटले जाते, "यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." ओरडून बोलल्याने उपयोग होत नाही, कारण ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजने तशीच राहतात. शिवाय ओरडलेला आवाज रागावलेला वाटतो.

आणि या सगळ्यात आधी बळी जाते ते बिनकामाचे बोलणे. "गॅस बंद करा" हे वाक्य माणूस तीनदा सांगतो, कारण सांगावेच लागते. "बुलबुल पुन्हा आला" हे वाक्य तीनदा सांगण्यासारखे नसते. पहिल्यांदा "काय?" येते, दुसऱ्यांदा "काय म्हणालीस?" येते, आणि तिसऱ्यांदा बाई म्हणतात, "काही नाही. जाऊ दे." हे 'काही नाही, जाऊ दे' आपल्या घरात आठवड्यातून किती वेळा उच्चारले जाते, याकडे कान द्यावा. एकाकीपणा आत येत असल्याची इतकी साधी खूण मला दुसरी माहीत नाही.

गृहस्थांनी श्रवणयंत्र घेतले. त्याने सर्व सुरळीत झाले असे नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट असह्य होतो, स्वतःचा आवाज परका वाटतो, आणि पुष्कळ यंत्रे याच काळात कपाटाच्या खणात जातात. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना वापरून तो वेळ वाढवीत न्यावा लागतो, आणि तज्ज्ञांकडून यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते. परंतु मुख्य अडचण वेगळी होती. कान आले, तोवर हाक थांबलेली होती. आठ-दहा वर्षे खिशात ठेवलेल्या वस्तू बाई एका दिवसात काढून देणार नव्हत्या.

तेव्हा आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. पहिली : एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलावयाचे नाही. जे सांगावयाचे ते हाताच्या अंतरावर येऊन, चेहरा दिसेल असे, संच किंवा पंखा बंद करून सांगावयाचे, आणि आधी विषय सांगावयाचा : "त्या बुलबुलाचं सांगते." विषय कळला की निसटलेली व्यंजने मन भरून काढते. ऐकणाऱ्याने "काय?" एवढेच न विचारता जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवावयाचे : "बुलबुल कुठे आला म्हणालीस?" त्याने सांगणारीला सगळे वाक्य पुन्हा बोलावे लागत नाही, आणि आपले ऐकण्याची इच्छा आहे हेही तिला कळते.

दुसरी : दुपारी चारच्या चहाची दहा मिनिटे. नवी वेळ शोधली नाही. जे रोज घडतच होते त्याला ती जोडली. चहा पूर्वी दोघे वेगवेगळ्या खोल्यांत घेत. आता गॅलरीत दोन खुर्च्या ठेवल्या, समोरासमोर नव्हे तर शेजारी, दोघांचे तोंड रस्त्याकडे. हे वाड्यातल्या झोपाळ्यावरून सुचले. झोपाळ्यावर माणसे एकमेकांकडे पाहत नसत. दोघे मिळून तिसरीकडे पाहत, आणि बोलणे मधल्या मध्ये चाले. न बोलता बसले तरी झोपाळा हलत असे, त्यामुळे शांततेचे ओझे होत नसे. समोरासमोर बसून 'आज मन मोकळे करू' असे ठरवले की बहुतेक पुरुषांची जीभ टाळ्याला चिकटते. गृहस्थांनी यंत्र लावलेला चांगला कान बाईंच्या बाजूला येईल अशी खुर्ची मात्र पाहून घ्यावी लागली.

पहिला आठवडा फसला. दोघे चहा पिऊन उठत. दुसऱ्या आठवड्यात बोलणे सुरू झाले आणि ते मुलाच्या परत न येण्यावर गेले, तेथून फ्लॅट कोणाच्या आग्रहाने घेतला यावर गेले, आणि बाई रडत आत गेल्या. तेव्हा ठरवले की पैसा, दुखणी आणि मुलगा हे तीन विषय या दहा मिनिटांत काढावयाचे नाहीत. ते महत्त्वाचे आहेत, म्हणूनच त्यांना शनिवारची वेगळी वेळ. तिसऱ्या आठवड्यात क्रिकेटचा सामना होता आणि गृहस्थ गॅलरीत आलेच नाहीत. बाईंनी वहीत लिहिले, "मला ठाऊकच होतं."

हे 'ठाऊकच होतं' फार मोलाचे आहे. जॉन कॅचिओपो या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकाकीपणाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचे प्रतिपादन असे की, दीर्घकाळ एकाकी राहिलेले मन नकाराच्या खुणा शोधण्यात तरबेज होते. कोठे धोका आहे याकडे ते इतके टवकारलेले असते की, साध्या विसराळूपणातही त्याला झिडकारणे दिसते. मग असे मन स्वतःच आधी मागे सरते, किंवा टोचून बोलते, आणि समोरचा खरोखरच दूर जातो. अँड्र्यू क्रिस्टेनसेन यांनी दांपत्यांमध्ये याचीच दुसरी बाजू पाहिली : एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो, एकाला वाटते, हा सरतो म्हणून मी मागे लागते, आणि दुसऱ्याला वाटते, ही मागे लागते म्हणून मी सरतो. यात कोणी सुरुवात केली, हा शोध निष्फळ आहे. म्हणून आम्ही आधीच ठरवून टाकले की चुकलेला एक दिवस मोजावयाचा नाही. ज्याच्याकडून चुकला त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः खुर्च्या मांडावयाच्या. गृहस्थांनी त्या मांडल्या. कामात असताना हाक आली तर 'आत्ता नको' म्हणण्याची मुभा दोघांनाही आहे, पण 'नको' म्हणणाऱ्यानेच पाच मिनिटांनी परत जाऊन "काय सांगत होतीस?" असे विचारावयाचे. ही शेवटची पायरी बहुतेक घरांत गळते, आणि ती गळली की 'आत्ता नको'चा अर्थ 'कधीच नको' होतो.

तीन महिन्यांनी त्या घरात प्रेमाला भरते आले होते, असे मी सांगणार नाही. बाई अजूनही म्हणत होत्या की हे फार बोलत नाहीत. परंतु एकदा गृहस्थ आपण होऊन स्वयंपाकघरात गेले, पंखा बंद केला आणि म्हणाले, "अहो, ऐकलंत का?" वयाची सदुसष्टी गाठलेल्या नवऱ्याने बायकोला 'अहो' म्हटले, म्हणून ती हसली. हेही वहीत नोंदलेले आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, कारण तिच्याकडे आपले मराठी घर विशेष दुर्लक्ष करते. दुःखाच्या हाकेला आपण धावतो. आनंदाच्या हाकेला नाही. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चांगली बातमी घरी सांगितल्यावर काय उत्तर मिळते ते तपासले. रस घेऊन, प्रश्न विचारून दिलेले उत्तर आणि समाधानी नाते यांचा संबंध दिसून आला. नुसत्या थंड 'छान'ला तसे बळ नव्हते. आपल्याकडे सून शाळेतून येऊन सांगते, "आज पर्यवेक्षकांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं", आणि उत्तर येते, "वा. गिझर बंद केला होतास ना सकाळी?" यात दुष्टपणा तिळमात्र नसतो. स्तुतीने माणूस बिघडतो, अशी आपली जुनी धारणा असते. तथापि दोनच प्रश्न, "काय म्हणाले ते?" आणि "मग तू काय म्हणालीस?", एवढे विचारले तरी ती बातमी घराची होते. दृष्ट लागण्याची ज्यांना भीती वाटते त्यांनी संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात, पण प्रश्न विचारावेत.

आता मर्यादा. मी सांगितलेले सर्व उपाय जेथे भीती नाही तेथेच लागू पडतात. ज्या घरात बोलले तर मार बसतो, पैसा, फोन किंवा माहेरची वाट बंद केली जाते, तेथील अबोला हा स्वसंरक्षणाचा असतो. तेथे 'तूच जरा गोड बोलून पाहा' असा सल्ला देणे हा अपराध आहे. त्या घरासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि गुजरातेत 181 या क्रमांकावर 'अभयम' ही महिलांसाठीची सेवा आहे. दुसरे असे की, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो एकाकीपणा नसून नैराश्याचा आजार असू शकतो. तेथे गॅलरीतल्या खुर्च्या पुरत नाहीत, डॉक्टर लागतात. 14416 या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा मराठीतही बोलते. आणि एरवी बोलका असणारा माणूस साठीनंतर हळूहळू गप्प होत असेल, शब्द शोधत असेल, तेच तेच विचारीत असेल, तर ते स्मृतिभ्रंशाचे पहिले पाऊलही असू शकते. त्याला 'आमच्यात रस उरला नाही' असे नाव देण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

शेवटी एक प्रश्न, जो प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतो : समोरच्याला नकोच असेल तर? एकाच माणसाने हाका घालाव्यात आणि एकानेच खुर्च्या मांडाव्यात, हे किती दिवस चालावे? माझे उत्तर ठराविक मुदतीचे असते. तीन महिने एकतर्फी करून पाहावे. पण या काळात आपण हाका वाढवावयाच्या नाहीत; समोरच्याच्या हाका शोधावयाच्या. तो वर्तमानपत्राची बातमी मोठ्याने वाचतो, ती उशिरापर्यंत दार उघडे ठेवून बसते, तो चष्मा कुठे आहे हे ठाऊक असूनही विचारतो. त्यांना ओ देऊन पाहावी. ज्याला नकोच आहे असे आपण समजत असतो, तोही बहुधा आपल्या ओळखीची नसलेल्या भाषेत हाका घालत असतो. तीन महिन्यांत काहीच बदलले नाही, तर जे या माणसाकडून मिळणार नाही ते कोठून मिळवावयाचे याचा विचार करावा : बहीण, जुनी मैत्रीण, सकाळी कमाटीबागेत भेटणारी मंडळी. वाइस यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याने ती विशिष्ट उणीव भरून निघणार नाही, हे मी त्या माणसापासून लपवत नाही. परंतु दोन्ही प्रकारचे एकाकीपण एकदम सोसण्यापेक्षा एक सोसणे हलके असते. आणि बाहेर चार शब्द बोलून घरी आलेला माणूस दारातून आत येताना पुष्कळदा काहीतरी सांगतच आत येतो.